कागदावर पावणेदोन मीटर मार्जिन, तरी पंपात खडी वाजते. सक्शनचा हिशेब तपासून द्याल का?

मृण्मयी

एक गरम पाण्याचा पंप आहे. उघड्या टाकीतून ८० अंशांचं पाणी घेतो आणि वरच्या मजल्यावरच्या यंत्रांना देतो. बसवून चार महिने झाले. पहिल्या आठवड्यापासूनच केसिंगमध्ये कोणीतरी मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज येतोय. मागच्या आठवड्यात पंप उघडला तर इम्पेलरच्या पात्यांवर, तोंडापासून साधारण दोन बोटं आत, धातू स्पंजसारखा झालेला दिसला. नखाने खरवडलं तर नख अडकतं.

निवड झाली तेव्हा एनपीएसएचचा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ नये म्हणून बाष्पदाबाच्या वर उरणाऱ्या दाबाचा हिशेब मीच केला होता, त्यामुळे झोप उडाली आहे. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून हवेचा दाब ९४.३ किलोपास्कल धरला. ८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४७.४ किलोपास्कल. टाकीतली सगळ्यात खालची पातळी पंपाच्या मध्यापासून १.२ मीटर वर. सक्शन पाइप १०० मिमीचा, ९ मीटर लांब, त्यात तीन एल्बो, एक गेट व्हॉल्व्ह आणि एक गाळणी. ताशी ६० घनमीटरला या सगळ्याचा मिळून तोटा १.१८ मीटर आला.

```
NPSHA = (Patm - Pv)/(rho*g) + z - hf
      = (94.3 - 47.4)/9.53 + 1.2 - 1.18
      = 4.92 + 1.2 - 1.18
      = 4.94 m
```

पंपाच्या कर्व्हवर ६० घनमीटरला लागणारा एनपीएसएच ३.२ मीटर आहे. म्हणजे हातात १.७४ मीटर उरतात. मग कॅव्हिटेशन, म्हणजे पंपात वाफेचे बुडबुडे बनून फुटणं, का? चूक कुठे आहे ते कृपा करून दाखवा. पंप बदलायचा प्रस्ताव परवा वर जाणार आहे.

माळरान

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. विहिरीवरचा पंप, पावसाळ्यात मस्त चालायचा, उन्हाळ्यात पाणी उचलेना. फूट व्हॉल्व्ह बदला, नव्वद टक्के वेळा तोच गळत असतो. नाहीच जमलं तर मोठ्या अश्वशक्तीचा पंप घ्या, ओढ वाढते.

मृण्मयी

माळरान, धन्यवाद, पण आमची टाकी पंपाच्या वर आहे. पाणी आपसूक पंपात येतं, त्यामुळे फूट व्हॉल्व्ह बसवलेलाच नाही.

आकडेमोड

ताई, हिशेब उगाच कडक केलाय. टाकी उघडी आहे ना? मग हवेचे १०.३३ मीटर धरायचे असतात. ४७.४ ला ९.८१ ने भागलं की बाष्पाचे ४.८३. म्हणजे १०.३३ उणे ४.८३ अधिक १.२ उणे १.१८, उत्तर ५.५२ मीटर. कॅटलॉग ३.२ मागतो. सव्वादोन मीटरपेक्षा जास्त शिल्लक आहे. लागणाऱ्यापेक्षा अर्धा मीटर जास्त असला की कॅव्हिटेशन होतच नाही, हा नियमच आहे. तेव्हा हे कॅव्हिटेशन नव्हे. बेअरिंग बघा.

रेंच

आकडेमोड, बेअरिंगचा आवाज एकसुरी असतो हो. घूं किंवा किर्र, आणि बेअरिंगच्या घरावर हात ठेवला की कळतो. खडीचा आवाज सक्शनच्या बाजूने येतो आणि फुटत फुटत येतो. बावीस वर्षं पंप उघडतोय, बेअरिंगने पात्याला भोकं पाडलेली अजून पाहिली नाहीत.

मृण्मयीताई, एक करून बघा. पंप चालू ठेवून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. आवाज कमी होत गेला तर कॅव्हिटेशन. बेअरिंगला व्हॉल्व्हशी देणंघेणं नसतं. सक्शनच्या व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका, तो आवळला तर उपाशी पंपाचा गळा दाबल्यासारखं होईल.

आबा

रेंच यांनी सांगितलेली चाचणी आधी करा. तोवर आकडेमोड यांच्या दोन गोष्टींबद्दल लिहितो, कारण या चुका मी चांगल्या चांगल्या डेटाशीटमध्ये पाहिल्या आहेत.

१०.३३ मीटर हा समुद्रसपाटीवरच्या थंड पाण्याचा आकडा आहे. ६०० मीटर उंचीवर हवाच कमी दाबते. आणि ८० अंशांचं पाणी हलकं असतं, घनमीटरला सुमारे ९७२ किलो, म्हणून दोन्ही दाबांना त्याच घनतेने भागायचं. मृण्मयी यांनी ९.५३ ने भागलं आहे ते बरोबर आहे. तुमच्या पद्धतीने कागदावर जवळजवळ ६० सेंटिमीटर फुकटचे मिळाले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅटलॉगमधला लागणारा एनपीएसएच ही कॅव्हिटेशन सुरू होण्याची रेषा नव्हे. कारखान्यात पंपाच्या सक्शनचा दाब कमी करत नेतात आणि हेड ३ टक्क्यांनी पडलं की तिथला आकडा नोंदवतात. हेड ३ टक्के पडतं तेव्हा पात्यांच्या तोंडाशी बुडबुड्यांचा ढग चांगलाच जमलेला असतो. पहिला बुडबुडा त्याच्या कितीतरी आधी येतो, कित्येक पंपांत त्या आकड्याच्या दुप्पट, तिप्पट एनपीएसएच असतानाच. म्हणून अर्ध्या मीटरचा सरसकट नियम मला मान्य नाही. थंड पाण्याच्या, कमी वेगाच्या लहान पंपाला तो पुरतोही. तुमच्यासारख्या ठिकाणी मी गुणोत्तर बघतो, उपलब्ध भागिले लागणारा.

आता मृण्मयी, तुमच्या हिशेबाबद्दल. मी तो पुन्हा करून पाहिला, सूत्रात आणि आकड्यांत चूक नाही. गुणोत्तर १.५४ येतं आणि ते वाईट नाही. पण सगळा हिशेब ६० घनमीटरवर उभा आहे. पंप खरंच ६० देतोय हे कोणी मोजलं?

मृण्मयी

फ्लोमीटर नाही. ६० हा डिझाइनचा आकडा आहे. पंप ६० घनमीटरला ३४ मीटर हेडचा घेतला. पाइपांच्या तोट्यावर आम्ही थोडं जास्त धरलं होतं, आणि नंतर विक्रेत्याने वरचा इम्पेलर दिला.

आबा

मग तिथेच पाणी मुरतंय असं मला वाटतं. सिस्टिमला खरोखर लागतं त्यापेक्षा जास्त हेडचा पंप बसला की तो ६० वर थांबत नाही, कर्व्हवर उजवीकडे सरकतो. सरकला की दोन्हीकडून मार बसतो. सक्शनचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणून उपलब्ध एनपीएसएच घटतो. लागणारा एनपीएसएच त्याच वेळी वर चढतो. कागदावरचं मार्जिन दोन्ही टोकांनी खाल्लं जातं.

टाकीत येणारं पाणी मिनिटभर बंद करता येईल का? टाकीचं क्षेत्रफळ माहीत असेल तर पातळी किती सेकंदांत किती उतरते ते मोजा. फ्लोमीटर नसताना याहून भरवशाची पद्धत मला ठाऊक नाही. त्याच वेळी सक्शन आणि डिलिव्हरीच्या गेजचे आकडे लिहून घ्या. मोजण्याआधी गाळणी साफ करा, पण साफ करण्यापूर्वीचा सक्शन गेजही टिपून ठेवा.

माळरान

मध्येच विचारतो, माफ करा. मोठ्या पंपाने ओढ वाढत नाही का मग?

आबा

नाही. पंप पाणी ओढत नाही, हवा ते ढकलते. तुमचं पाणी थंड असेल, ३० अंश धरा, आणि उंची आमच्या या चर्चेतलीच धरा. हवेचा दाब उणे बाष्पदाब असे सुमारे ९.२ मीटर तुमच्या हातात येतात. उन्हाळ्यात पाणी पंपाच्या साडेसहा मीटर खाली गेलं आणि पाइपात एक मीटर गेला, तर उरले १.७. तुमच्या पंपाला अडीच लागत असतील तर तो पाणी सोडणारच. मोठा पंप जास्त प्रवाह मागेल आणि अवस्था आणखी बिघडेल. पंप खाली उतरवा, किंवा पाण्यात बुडणारा घ्या. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप बंद असताना पाइप रिकामा होतो. चालू असताना पाणी सुटत असेल तर तो दोष वेगळा.

माळरान

पावसाळ्यात पाणी चार मीटरवर असतं. आता लक्षात आलं.

मृण्मयी

सकाळी मोजून आले. टाकी अडीच मीटर बाय दोन मीटर आहे, म्हणजे पातळी २० सेंटिमीटर उतरली की बरोबर एक घनमीटर गेला. आत येणारं पाणी बंद करून तीनदा वेळ घेतली: ४७, ४८ आणि ४९ सेकंद. म्हणजे ताशी ७५ घनमीटर!

मोजताना पातळी पंपाच्या मध्यापासून सरासरी १.२ मीटरवर होती. तापमान ८०. गाळणी साफ करण्यापूर्वी सक्शन गेज उणे १४ किलोपास्कल दाखवत होता, साफ केल्यावर उणे ९. डिलिव्हरी गेज २.६ बार. दोन्ही गेज एकाच उंचीवर आणि दोन्ही बाजूंचे पाइप सारख्याच व्यासाचे आहेत. डिलिव्हरीचा गेज पंप आणि व्हॉल्व्हच्या मध्ये आहे.

७५ ला माझा तोटा १.१८ गुणिले (७५/६०) चा वर्ग, म्हणजे १.८४ मीटर होतो. उपलब्ध एनपीएसएच ४.९२ अधिक १.२ उणे १.८४, म्हणजे ४.२८. कर्व्हवर ७५ ला लागणारा ४.५. मार्जिन उणे आलं. मी चार महिने ६० चाच आकडा घट्ट धरून बसले होते.

आबा

छान मोजलंत. आता गेजवरून हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने पडताळून बघू, कारण पाइपाच्या तोट्याचे गुणांक पुस्तकातले असतात, गेज मात्र खरा पाइप बघतो. गाळणी साफ असतानाचा उणे ९ घ्या. १०० मिमीच्या पाइपात ७५ घनमीटरला वेग सेकंदाला सुमारे २.६५ मीटर, त्याचं वेगाचं हेड ०.३६ मीटर.

```
NPSHA = (94.3 - 9 - 47.4)/9.53 + 0.36
      = 3.98 + 0.36
      = 4.34 m
```

तुमचे ४.२८ आणि गेजचे ४.३४. याचा अर्थ पाइपाचा तुमचा हिशेब बरोबर होता, बिचारा चुकीच्या प्रवाहावर केला गेला. वेगाचं हेड मिळवायला मात्र विसरू नका. गेज फक्त स्थिर दाब दाखवतो, आणि ते ०.३६ सोडून दिले की माणूस उगाच घाबरतो.

गाळणीने ५ किलोपास्कल, म्हणजे अर्धा मीटर खाल्ला होता. साफ गाळणीवर केलेला हिशेब पहिल्या आठवड्यापुरताच खरा असतो. गाळणी किती तुंबली की साफ करायची हे आधी ठरवायचं आणि तेवढा तोटा हिशेबात आधीच घ्यायचा.

आकडेमोड

मान्य, १०.३३ ची चूक माझी. पण एक शंका आहे. गेजवरून हेड काढलं तर २६० अधिक ९, भागिले ९.५३, म्हणजे २८.२ मीटर. कर्व्हवर २८.२ मीटरला प्रवाह ७७-७८ दिसायला हवा. मृण्मयीताईंनी ७५ मोजला. मग टाकीची चाचणी चुकली की काय?

आबा

शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर मोलाचं आहे. मृण्मयी, कर्व्हवर ७५ ला हेड किती?

मृण्मयी

२९.२ मीटर.

आबा

म्हणजे पंप ७५ देतोय, पण २९.२ ऐवजी २८.२ मीटरने. जवळजवळ साडेतीन टक्के हेड पडलंय. उपलब्ध एनपीएसएच लागणाऱ्यापेक्षा किंचित कमी असेल तर नेमकं असंच दिसायला हवं. म्हणून कॅव्हिटेशनचा संशय असताना हेडवरून कर्व्हवर जाऊन प्रवाह वाचायचा नाही. पंप आपल्या कर्व्हवर नसतोच त्या वेळी.

पण यावर मी शपथ घेणार नाही. डिलिव्हरी गेजच्या तबकडीवर ०.१ बार म्हणजे एक मीटर, आणि आपण ज्या फरकाबद्दल बोलतोय तोही एकच मीटर. काट्याच्या जाडीत हा निष्कर्ष बसतो. चांगला गेज मिळाला तर पुन्हा वाचा.

एक विचारायचं राहिलं. पंपाच्या तोंडातून आत बघितलं तर खड्डे पात्याच्या दिसणाऱ्या बाजूला आहेत की पलीकडच्या, लपलेल्या बाजूला?

रेंच

हे मी नेहमी आरशाने बघतो, दात बघायचा लहान आरसा असतो तो. पण बाजूवरून काय कळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आबा

दिसणाऱ्या बाजूला दाब कमी असतो. सक्शनला दाब पुरत नसेल तर बुडबुडे तिथे बनतात आणि थोडं पुढे जाऊन तिथेच फुटतात. खड्डे लपलेल्या बाजूला असतील तर बहुतेक वेळा प्रवाह फार कमी असतो आणि पाणी पंपाच्या तोंडाशीच उलटं भोवरतं. त्या दुखण्याला टाकी कितीही उंच केली तरी गुण येत नाही.

मृण्मयी

इम्पेलर अजून टेबलावरच आहे. (पंपात सध्या सुटा पडलेला त्याच मापाचा इम्पेलर घातला आहे.) खड्डे मुख्यतः दिसणाऱ्या बाजूला, सहाही पात्यांवर साधारण एकाच जागी. आरसा घालून पाहिलं तर दोन पात्यांच्या मागच्या बाजूलाही थोडी खरखर आहे. तो साधा गंज आहे की काय ते मला सांगता येत नाही.

दुपारी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला. ३ बारच्या आसपास आवाज विरळ झाला आणि ३.२ बारला जवळजवळ थांबला. अँपिअर मीटरचा काटा थरथरत होता तो एका जागी स्थिर झाला. सक्शन गेज उणे २. वरच्या यंत्रांना पाणी पुरतंय.

आबा

३.२ बार म्हणजे हेड सुमारे ३४ मीटर, म्हणजे तुम्ही ६० वर आलात. सक्शन गेजही तेच सांगतो: १.२ उणे १.१८ उणे वेगाचं हेड ०.२३, म्हणजे उणे ०.२१ मीटर, सुमारे उणे २ किलोपास्कल. आता पंप कर्व्हवर परतलाय, म्हणून आता हेडवरून प्रवाह वाचायला हरकत नाही.

आवळलेला व्हॉल्व्ह आजच्यापुरता ठीक. कोणीतरी एके दिवशी तो पूर्ण उघडेल. इम्पेलर तासून व्यास कमी केला तर पंप स्वतःच ६० च्या आसपास थांबेल आणि व्हॉल्व्हमध्ये वाया जाणारी वीजही वाचेल. किती तासायचा ते निर्मात्याच्या कर्व्हवरून ठरवा. आणि तासल्याने लागणारा एनपीएसएच कमी होईल अशी आशा धरू नका. पाण्याला पात्याचं तोंड तेच भेटतं.

मृण्मयी

आणि सक्शन पाइप १५० चा केला तर? व्यासाच्या चौथ्या घाताने तोटा जवळजवळ पाचपटीने उतरतो. ७५ लाही १.८४ चे ०.३६ होतात. म्हणजे दीड मीटर मिळतो, उपलब्ध ५.७६ आणि लागणारा ४.५. मग पंपाला हात न लावता चालेल ना?

आबा

तापमान ८० च्या वर जातं का कधी?

मृण्मयी

थर्मोस्टॅट ८० ला लावलाय. लॉगशीटमध्ये काही वेळा ८५ दिसतं.

आबा

मग तो हिशेब ८५ ला करा. तिथे बाष्पदाब ५७.८ किलोपास्कल होतो. हवा उणे बाष्प हे ४.९२ वरून ३.८४ वर येतं. पाच अंशांत एक मीटरहून जास्त गेलं. थंड पाण्यात पाच अंश म्हणजे वीतभरसुद्धा नव्हे, आणि ८० च्या वर प्रत्येक अंश वीस सेंटिमीटर मागतो. १५० चा पाइप टाकून ७५ वर, ८५ अंशांना उपलब्ध ४.६८ आणि लागणारा ४.५. खडी पुन्हा वाजेल. नुसत्या पाइपाने भागत नाही, प्रवाह आधी ६० वर आणा.

सध्याचा पाइप ठेवून ६० वर, ८५ अंशांना ३.८६ मिळतात, गुणोत्तर १.२. गाळणी तुंबली की त्यातूनही जाईल. पाइपही मोठा केलात तर ४.८१, गुणोत्तर दीड. मी दोन्ही करेन. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर एककेंद्री लावू नका. आडव्या पाइपात सपाट बाजू वर येईल असा एकतर्फी लावा, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा साठते.

आकडेमोड

दीड गुणोत्तर पुरेसं कशावरून? हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.६.१ मध्येही वापरानुसार वेगवेगळं मार्जिन सुचवलंय.

आबा

पुरेसं असेल असा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. या पात्याच्या तोंडाचा वेग, इम्पेलरचा धातू, रोज किती तास चालतो, यावर ते ठरतं. सहा महिन्यांनी पंप उघडून नव्या इम्पेलरच्या त्याच जागेवर बोट फिरवलं की कळेल.

रेंच

आणि त्या मागच्या बाजूच्या खरखरीचं काय? रात्री यंत्रं बंद असतात तेव्हा पंप चालूच असतो का? डिलिव्हरी जवळजवळ बंद असताना चालवलेले पंप मी पाहिलेत, मागून अशीच खरखर असते.

मृण्मयी

रात्रपाळीला एकच यंत्र चालतं. पंप तोच, पूर्ण वेगाने. रात्रीचा प्रवाह किती असतो ते कोणीच मोजलेलं नाही. टाकी आणि घड्याळ घेऊन उद्या रात्री थांबते. पंप बदलायचा प्रस्ताव मात्र मागे घेतलाय.